मॉनिटरखालची पुस्तकं आधी काढा

प्रश्न : वय ४७, उंची पाच फूट. फोर्टमधल्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे, रोज डोंबिवलीहून ये-जा. वर्षभर डोकं दुखतंय, दर वेळी उजवीकडेच. मानेच्या वर, कवटीची कड लागते तिथून सुरू होतं आणि दुपारी तीननंतर उजव्या डोळ्याच्या मागे येऊन बसतं. आठवड्यातून तीनदा तरी गोळी घ्यावी लागते. उलटी होत नाही, उजेडाचाही त्रास नाही. एक्स-रेत ‘मानेची कमान सरळ झाली आहे, स्पॉन्डिलायसिसची सुरुवात’ असं आलं. तेव्हापासून मानेला पट्टा लावते, उशी सोडली. स्क्रीन डोळ्यांच्या रेषेत हवा असं सगळीकडे वाचलं, म्हणून तीन महिन्यांपूर्वी मॉनिटरखाली जाड पुस्तकं ठेवली, ताठ बसायला लागले. दुखणं उलट वाढलं. वर्षभरापूर्वी प्रोग्रेसिव्ह चष्मा लागला आहे. पार्लरमध्ये मसाज करताना मुलगी मान कटकन मोडते, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. मणका झिजलाय की माझं बसणंच चुकतंय? मान मोडून घेत राहू का?

उत्तर : नमस्कार ताई. उद्या ऑफिसात गेल्यावर पहिलं काम म्हणजे ती पुस्तकं काढायची. बाकीचं सगळं त्यानंतर.

स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत हवी, हा नियम खोटा नाही. पण तो ज्यांना चष्मा नाही किंवा एकाच नंबरचा चष्मा आहे, अशांसाठी आहे. प्रोग्रेसिव्ह काचेत वरच्या भागात लांबचा नंबर असतो, तळाला वाचायचा, आणि मधल्या अरुंद पट्ट्यात हातभर अंतरावरचं दिसतं. स्क्रीन डोळ्यांसमोर आली की तुमची नजर काचेच्या वरच्या, लांबच्या भागातून जाते आणि अक्षर धूसर दिसतं. मग काचेचा खालचा भाग अक्षरांसमोर आणायला हनुवटी वर जाते. हे आपण ठरवून करत नाही, डोळे करून घेतात. सोबत मान थोडी पुढेही येते. अशा वेळी मानेचा खालचा भाग पुढे वाकलेला असतो आणि सगळ्यात वरचे सांधे, म्हणजे कवटी आणि पहिले दोन-तीन मणके यांच्यातले, मागे दुमडलेले. तिथे कवटीच्या कडेखाली बोटाएवढे छोटे स्नायू आहेत. ते सहा-सात तास आखडलेल्या अवस्थेत काम करत राहतात. पुस्तकं ठेवल्यावर दुखणं वाढलं त्याचं कारण बहुधा हेच. ताठ बसल्यामुळे डोळे आणखी वर गेले आणि स्क्रीनही वर गेली, पण काचेतला तो मधला पट्टा जागच्या जागीच राहिला.

खात्री करून घ्यायची सोपी पद्धत आहे. शेजारच्या टेबलावरच्या कुणाला तरी मोबाइलवर तुमचे बाजूने दोन फोटो काढायला सांगा. पहिला तुम्ही खोलीच्या पलीकडची भिंत बघत असताना, दुसरा अर्धा तास कामात गढल्यावर, तुम्हाला न सांगता. दोन्ही फोटोंत चष्म्याच्या दांडीकडे बघा. दुसऱ्या फोटोत दांडीचं काचेकडचं टोक पहिल्यापेक्षा वर उचललेलं दिसलं, तर हनुवटी वर जाते आहे हे नक्की.

आता मान दुखते तर डोळ्यामागे का कळतं, ते सांगते. कारण ‘दुखतंय डोळ्यामागे, म्हणजे दोष डोळ्यातच’ असं समजून बरेच जण नुसते नंबर तपासत फिरतात. मानेच्या वरच्या तीन नसा आणि कपाळ-डोळ्यांकडून येणारी चेहऱ्याची नस यांचा माल मज्जारज्जूच्या वरच्या टोकाला एकाच ठिकाणी येऊन पडतो. दादरच्या पुलावर माणसांचा लोंढा दिसतो, पण त्यातला कोण पश्चिम रेल्वेवरून आला आणि कोण मध्यवरून, हे वरून सांगता येत नाही, तसं. मेंदूला दुखणं पोचतं, पण त्याचा पत्ता चुकीचा लागतो. मानेतून उगम पावणाऱ्या या डोकेदुखीला डॉक्टर ‘सर्व्हायकोजेनिक हेडेक’ म्हणतात. नॉर्वेचे ओटार स्योस्टा यांनी १९८३ साली हे नाव रूढ केलं.

तुमचं वर्णन या दुखण्याशी बऱ्यापैकी जुळतं : बाजू बदलत नाही, सुरुवात मानेतून होते, बसून काम झालं की वाढतं. तरी एक सावधगिरी. मान दुखते म्हणजे डोकेदुखी मानेमुळेच, असं नाही. मायग्रेनच्या अनेक रुग्णांची मानही दुखते, आणि तुमच्या वयात, पाळी जायच्या आसपास, मायग्रेनची तऱ्हाही बदलते. मायग्रेनमध्ये सहसा ठणका असतो, जिना चढताना तो वाढतो, मळमळतं, उजेड-आवाज नको होतो, आणि बाजू अधूनमधून बदलते. मानेच्या डोकेदुखीत मान एका बाजूला कमी वळते, आणि कवटीच्या कडेखाली नेमक्या जागी दाबलं की ‘हेच ते’ असं ओळखीचं दुखणं उमटतं.

फिजिओथेरपिस्ट यासाठी एक विशिष्ट तपासणी करतात. तुम्हाला पाठीवर झोपवून, हनुवटी छातीकडे पूर्ण वाकवून, त्याच स्थितीत डोकं उजवीकडे-डावीकडे वळवतात. मान वाकवली की खालचे सांधे अडकतात आणि वळण्याचं काम मुख्यतः पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या सांध्यावर येतं. निरोगी माणसाचं डोकं अशा स्थितीत दोन्हीकडे सुमारे ४० ते ४५ अंश वळतं. एका बाजूला ते ३० अंशांच्या आसपासच अडत असेल, तर तो सांधा गुन्हेगार असण्याची शक्यता वाढते. ही तपासणी झाली का, हे विचारा. नुसता एक्स-रे बघून मशिनचा शेक द्यायला सुरुवात झाली असेल, तर तपासणी झालीच नाही असं समजा.

एक्स-रेच्या अहवालाचं काय करायचं? फाइलला लावून ठेवा. चाळिशी उलटलेल्या, अजिबात मान न दुखणाऱ्या माणसांच्या एक्स-रेतही झीज दिसते. सरळ झालेली कमान पुष्कळदा फोटो काढताना हनुवटी कुठे होती त्यावर आणि त्या दिवशी स्नायू किती आवळलेले होते त्यावर ठरते. शिवाय वयाबरोबर येणारी झीज जास्त करून मानेच्या खालच्या भागात, पाचव्या-सहाव्या-सातव्या मणक्यांशी दिसते, आणि तुमच्या डोकेदुखीचा उगम वरच्या तीनांत असतो. अहवालातला मणका आणि दुखणारा मणका एकच आहे का, हे सहसा कुणी विचारत नाही.

पट्टा मात्र काढा. अपघातानंतर थोडे दिवस त्याला अर्थ असतो. रोज लावला तर मानेच्या आतल्या स्नायूंना सुट्टी मिळते आणि ते आणखी सुस्तावतात. उशीही परत आणा. कुशीवर झोपलं की डोकं आणि गादी यांच्यात खांद्याएवढी पोकळी राहते. उशी नसेल तर मान रात्रभर खाली कललेली राहते. कुशीवर असताना नाकाचा शेंडा आणि छातीचं मधलं हाड एका रेषेत राहील इतकी जाड उशी हवी. पाठीवर झोपणार असाल तर त्याहून पातळ.

तुमच्या प्रश्नातला ‘बसणं चुकतंय का’ हा भाग मला थोडा उलगडायचा आहे. मान ६० अंश वाकवली की तिच्यावर २७ किलोचा भार येतो, असं चित्र व्हॉट्सॲपवर तुम्हालाही आलं असेल. तो आकडा २०१४ सालच्या एका गणिती प्रतिकृतीतून आला आहे, कुणाच्या मानेत काटा बसवून मोजलेला नाही. मान पुढे असलेली पुष्कळ माणसं आयुष्यभर ठणठणीत असतात, आणि तीरासारखी ताठ बसणारी दुखण्याने हैराण असतात. चुकीची बसण्याची पद्धत म्हणून एक ठरावीक आकृती नसते. दोन गोष्टी एकत्र आल्या की त्रास होतो : एकाच स्थितीत फार वेळ राहणं, आणि त्या स्थितीला पुरेल एवढा दम स्नायूंत नसणं. तुम्ही ‘ताठ’ बसायला लागलात, म्हणजे एक धरून ठेवलेली स्थिती सोडून दुसरी धरून ठेवलीत. खुर्चीच्या पाठीला टेकून बसा, त्यासाठीच ती असते.

आता टेबलाकडे वळू. शिवणाची टेप पर्समध्ये टाका, कारण इथे तुमच्या उंचीचा प्रश्न आहे. ऑफिसची टेबलं साधारण ७२ ते ७५ सेंटिमीटर उंच असतात. पाच फूट उंचीच्या बाईचे पाय जमिनीवर सपाट टेकावेत, तर बैठक ३८ ते ४० सेंटिमीटरवर हवी. बसल्यावर कोपर बैठकीपासून साधारण २० ते २२ सेंटिमीटर वर येतं. म्हणजे कोपर जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर आणि कीबोर्ड ७५ वर. मधले १५ सेंटिमीटर भरून काढायला तुम्ही खांदे उचलता, आणि खांदा उचलणारे स्नायू वर थेट मानेला आणि कवटीला चिकटलेले असतात.

टेबल खाली येणार नाही, म्हणून खुर्ची वर न्यायची. कोपर टेबलाच्या पातळीला किंवा जरा वर येईपर्यंत बैठक उचला. तुमच्या बाबतीत ती ५२ ते ५५ सेंटिमीटरच्या आसपास जाईल. पाय लोंबकळतील, त्यांच्याखाली तेवढ्याच उंचीचं, म्हणजे १२ ते १५ सेंटिमीटरचं काही तरी हवं. फूटरेस्ट मिळाला तर उत्तम, नाहीतर छपाईच्या कागदाचा रीम साधारण ५ सेंटिमीटर जाड असतो, असे तीन घट्ट बांधून घ्या. पायांखाली आधार नसेल तर तुम्ही पुढे सरकाल, पाठ सुटेल आणि हनुवटी पुन्हा पुढे येईल. खुर्ची उचलून पाय विसरायचे, ही चूक फार जण करतात. घरून काम असेल त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर हेच : बसायला घडी घातलेली सोलापुरी चादर, पायाखाली पाट. लॅपटॉपला वेगळा कीबोर्ड आणि माउस जोडा. स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना चिकटलेले असले की एक नीट लावावं तर दुसरं बिघडतं.

खुर्ची ठरल्यावरच स्क्रीन लावा, आधी नाही. खुर्ची वर गेली की डोळेही वर जातात, म्हणजे स्क्रीन आपोआप थोडी खाली येते, आणि ते तुमच्या फायद्याचं आहे. पाठ टेकून बसा, डोळे मिटा, डोकं हलकेच हो-नाही हलवून जिथे सहज स्थिरावेल तिथे सोडा. डोळे उघडा. हनुवटी न हलवता स्क्रीनच्या वरच्या एक-तृतीयांश भागातली ओळ स्वच्छ वाचता आली पाहिजे. येत नसेल तर स्क्रीन आणखी खाली आणा. मॉनिटरचा स्टँड तळापर्यंत आणावा लागला तरी आणा. प्रोग्रेसिव्ह चष्म्यावर वरची कड डोळ्यांच्या ५ ते १० सेंटिमीटर, कधी त्याहूनही खाली येते. मग वरची कड जराशी मागे कलती करा, म्हणजे नजर काचेवर सरळ पडेल. अंतर ६० ते ६५ सेंटिमीटर, म्हणजे हात लांब केल्यावर बोटं टेकतील इतकं. अक्षर बारीक वाटलं तर पडदा जवळ ओढू नका. एक्सेलमध्ये `Ctrl` दाबून माउसचं चाक फिरवा, अक्षर मोठं होतं.

व्हाउचर टेबलावर सपाट, कीबोर्डच्या उजव्या हाताला ठेवायची सवय असेल तर तीही मोडा. दर एंट्रीला मान खाली आणि उजवीकडे, परत वर, असा झोका दिवसातून शेकडो वेळा होतो आणि दर वेळी त्याच बाजूला. पोथी ठेवायचं घडीचं लाकडी स्टँड मिळतं, ते कीबोर्ड आणि स्क्रीन यांच्या मध्ये समोर ठेवा. प्रोग्रेसिव्ह काचेत तुमचा वाचायचा नंबर खालीच आहे, त्यामुळे तिथला कागद हनुवटी न हलवता दिसतो. फोनचा रिसीव्हर कान आणि खांदा यांच्यात दाबून बोलत असाल तर ते आजच बंद करा. कोणत्या बाजूला दाबता, हेही आठवून बघा.

एवढं करूनही स्क्रीन पुरेशी खाली येत नसेल, किंवा काम दिवसाला सहा तासांच्या वर पडद्यावरच असेल, तर माझं मत स्पष्ट आहे : कॉम्प्युटरसाठी वेगळा चष्मा करा. प्रोग्रेसिव्ह रस्त्यावर आणि घरात राहू दे. ऑफिसच्या टेबलावर फक्त मधल्या अंतराचा, एकाच नंबरचा चष्मा ठेवा. तपासणीला जाताना डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजून न्या, कारण वाचायचा नंबर साधारण ४० सेंटिमीटरला धरून काढतात आणि तुमची स्क्रीन ६५ वर आहे. ‘कॉम्प्युटरवर काम करते’ एवढंच सांगितलं तर निळ्या प्रकाशाच्या कोटिंगचे पैसे जातील आणि हनुवटी जिथल्या तिथे राहील. हा चष्मा आला की डोळ्यांच्या रेषेतल्या स्क्रीनचा तो नियम मग तुम्हालाही लागू होतो.

व्यायाम मी तीनच सांगते. जास्त सांगितले की चौथ्या दिवशी सगळेच सुटतात.

पहिला, आणि खरा उपाय, दिसायला अगदी क्षुल्लक आहे. पाठीवर झोपा, गुडघे दुमडलेले, डोक्याखाली टॉवेलची घडी, कपाळ आणि हनुवटी एका पातळीत येतील एवढी. आता अगदी हलकं ‘हो’ म्हणा : डोक्याची मागची बाजू टॉवेलवरून वरच्या दिशेने सरकते आणि हनुवटी गळ्याकडे जरा झुकते. डोकं उचलायचं नाही, टॉवेलमध्ये दाबायचंही नाही. तिथे १० सेकंद थांबा, सोडा. अशा १० वेळा, सकाळ-संध्याकाळ. यात गळ्याच्या आत, मणक्याला लागून असलेले खोल स्नायू जागे होतात. या डोकेदुखीत ते मंद पडलेले असतात आणि त्यांचं काम बाहेरचे स्नायू ओढत असतात. बरोबर चाललंय की नाही ते दोन बोटांनी कळतं. कानामागून तिरका छातीकडे उतरणारा दोरीसारखा स्नायू आहे, त्यावर बोटं ठेवा. तो टणक झाला, जबडा आवळला किंवा श्वास रोखला गेला, तर जोर जास्त होतोय. अर्ध्या जोराने करा. १० सेकंद जमत नसतील तर ५ पासून सुरुवात करा. २००२ साली ऑस्ट्रेलियात ग्वेंडोलिन जुल आणि सहकाऱ्यांनी या डोकेदुखीच्या २०० रुग्णांवर सहा आठवडे अशाच कमी जोराच्या व्यायामाचा आणि हाताने केलेल्या उपचारांचा प्रयोग केला होता. व्यायाम केलेल्यांचा फायदा वर्षभरानेही टिकून होता.

दुसरा, ताण देण्याचा. उजव्या खांद्याच्या फऱ्याच्या वरच्या कोपऱ्यातून निघून मानेच्या वरच्या मणक्यांना जाणारा एक स्नायू आहे, लेव्हेटर स्कॅप्युली. खांदा उचलून टायपिंग केल्यावर दुखतो तो हाच. उजव्या हाताने खुर्चीची बैठक धरा. चेहरा डावीकडे अर्धा वळवा आणि डाव्या बगलेकडे बघा. डावा हात डोक्यावर ठेवा, नुसतं हाताचं वजन पुरे, ओढायचं नाही. मानेच्या उजव्या बाजूला मागे ताण जाणवेल. २० ते ३० सेकंद, तीनदा, मग दुसरी बाजू. मुंग्या हातात उतरल्या किंवा डोळ्यामागचं दुखणं चाळवलं तर ताण कमी करा, तरी थांबलं नाही तर सोडून द्या. मान गोल-गोल फिरवायचा जुना व्यायाम मात्र करू नका. त्यात मान मागे दुमडते, आणि तीच जागा आधी चिडलेली आहे.

तिसरा ताकदीचा. फिजिओथेरपीत मिळणारा रबरी पट्टा खिडकीच्या गजाला अडकवा, दोन्ही टोकं धरून कोपरं मागे ओढा, फरे एकमेकांकडे येऊ द्या, खांदे कानांकडे न जाऊ देता. १२ वेळा, दोन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. शेवटच्या दोन-तीन वेळा कठीण गेल्या पाहिजेत, नाहीतर पट्टा बदला.

याशिवाय दर अर्ध्या तासाने अर्धा मिनिट हलायचं आहे. उठून उभं राहणं, खांदे दोनदा वर-खाली, लांब बघणं, एवढंच. पाण्याची मोठी बाटली टेबलावर ठेवू नका, छोटा पेला ठेवा. भरायला उठावं लागतं.

लोकलमध्ये जागा मिळाली की मोबाइल मांडीवर आणि डोकं त्यावर, असा तास जातो. पर्स मांडीवर उभी ठेवा, कोपरं तिच्यावर टेकवा आणि मोबाइल छातीच्या उंचीला धरा. उभं असताना एका हाताने कडी धरून दुसऱ्या हातातला मोबाइल बघायचा नाही, हेडफोनवर ऐकायचं. आणि पर्स रोज त्याच उजव्या खांद्याला अडकवत असाल, तर एक दिवसाआड खांदा बदला.

मान मोडण्याबद्दल माझं उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि यात मधला मार्ग नाही. कटकन आवाज आल्यावर काही तास स्नायू सैल पडतात, म्हणून बरं वाटतं, पण सांध्यात काहीही ‘बसत’ नाही. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या याच वरच्या मणक्यांच्या भोकांतून वळणं घेत जातात. झटक्याने मान फिरवल्यावर त्यांच्या अस्तराला चीर पडून पक्षाघात झाल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. विरळ आहे, पण पार्लरमध्ये आधी तपासणी कुणी करत नाही. त्या मुलीला सांगा, डोक्याला तेल लाव, खांदे दाब, मान वळवायची नाही.

गोळ्यांचा हिशेब तुम्हालाच जमेल, अकाउंट्सच्या आहात. आठवड्यातून तीनदा म्हणजे महिन्याला १२-१३ दिवस. साधी पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन महिन्यातून १५ किंवा त्याहून जास्त दिवस, किंवा कॅफीन वगैरे मिसळलेली गोळी १० किंवा त्याहून जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक काळ चाललं तर गोळीच डोकं दुखवायला लागते. पाकिटावरचे घटक वाचा. मिश्र गोळी असेल तर तुम्ही रेषेच्या पलीकडे आहात, आणि मग मानेचे व्यायाम कितीही नेटाने केले तरी अर्धंच यश येईल. गोळी कशी कमी करायची ते डॉक्टरांशी बोलून ठरवा.

काही लक्षणं दिसली तर यातलं काहीही करत बसू नका. क्षणात टोकाला पोचलेली, आयुष्यात कधी न झालेली डोकेदुखी. मानेत अचानक नव्याच प्रकारची तीव्र कळ. बोलताना जीभ अडखळणं, दोन-दोन दिसणं, तोल जाणं, चेहऱ्याला किंवा एका हाताला बधिरता-अशक्तपणा. तापासोबत ताठलेली मान. डोक्याला किंवा मानेला मार लागल्यानंतरचं दुखणं. यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय. हात-पाय हळूहळू जड होणं, शर्टाची बटणं लावता न येणं, हेही लवकर दाखवा. हे उत्तर वाचणाऱ्यांपैकी कुणी पन्नाशीच्या पुढचे असतील आणि डोकेदुखी नव्याने सुरू झाली असेल, विशेषतः चावताना जबडा दुखत असेल किंवा कानशिलाला हात लावला तरी दुखत असेल, तर त्यांनी मानेच्या व्यायामाआधी रक्त तपासून घ्यावं. त्यात धमनीचा दाह असू शकतो आणि उशीर झाल्यास नजर जाऊ शकते.

कॅलेंडरवर रोज तीन नोंदी करा : दुखणं किती वाजता सुरू झालं, दहापैकी किती, गोळी घेतली का. पुस्तकं काढल्यावर, खुर्ची-पाय लावल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत सहसा दुखणं नाहीसं होत नाही, उशिरा सुरू होतं. तीनचं पाच वाजता, मग संध्याकाळी गाडीत. तसं सरकताना दिसलं तर दिशा बरोबर आहे. व्यायामाचा परिणाम चौथ्या ते सहाव्या आठवड्यापर्यंत दिसायला हवा. सहा आठवड्यांनी नोंदी जागच्या जागी असतील, तर ती कॅलेंडरची पानं आणि टेबलावरचा तो बाजूचा फोटो घेऊन मज्जाविकारतज्ज्ञांकडे किंवा डोकेदुखी नीट तपासणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जा. एक्स-रे मागितला तरच दाखवा.